कोरा मेल

जीमेलचं कंपोझ उघडून मी पंचवीस मिनिटं बसलो होतो. विषयाची ओळ भरलेली होती, मेल कुणाला जाणार तेही भरलेलं होतं. खालचा पांढरा भाग मात्र पांढराच होता. कर्सर लुकलुकत होता आणि मला पहिला शब्द सुचत नव्हता.

मजकूर अवघड नव्हता. खाते क्रमांक, थकलेले हप्ते, रक्कम, शेवटची तारीख. असे मेल मी महिन्याला चाळीस-पन्नास तरी पाठवतो. श्रीरामपुरात एका पतसंस्थेच्या शाखेत मी वसुलीचं काम बघतो. अडचण एवढीच होती, की हा मेल ज्यांना जाणार होता त्यांनी मला चौथीत पत्रलेखन शिकवलं होतं.

मी पुणतांब्याचा. आमच्या गावाचं नाव बातम्यांत आलं ते २०१७ च्या शेतकरी संपामुळे. त्याआधी आणि त्यानंतरही गावाची खरी ओळख आहे ती गोदावरीकाठच्या चांगदेवांच्या समाधीची. लहानपणी आम्ही त्या मंदिरात खेळायचो, आणि चांगदेवांची गोष्ट आम्हाला गुरुजींनीच सांगितली होती. त्या दिवशी पांढऱ्या स्क्रीनकडे बघताना ती आठवली. कारण माझी अडचण आणि चांगदेवांची अडचण एकच होती.

गोष्ट बहुतेकांना माहीत असते, पण तिच्यातला पेच नीट बघायला हवा. चांगदेव मोठे योगी. चौदाशे वर्षं जगलेले, असं कथा सांगते. त्यांच्या कानावर ज्ञानेश्वरांची कीर्ती आली. भेटायला जाण्याआधी पत्र पाठवावं म्हणून ते लिहायला बसले आणि मायन्यावरच अडले. समोरचा विशीही न ओलांडलेला मुलगा. वयानं लहान म्हणून ‘चिरंजीव’ लिहावं, तर ज्ञानानं तो आपल्यापेक्षा मोठा. ‘तीर्थरूप’ लिहावं, तर चौदाशे वर्षांच्या माणसानं पोराला तीर्थरूप कसं म्हणायचं? शेवटी त्यांनी कोराच कागद पाठवला. तो बघून मुक्ताबाई म्हणाली, इतकी वर्षं जगूनही हा कोराच राहिला.

आम्ही पोरं या ठिकाणी हसायचो. गुरुजी हसायचे नाहीत. ते म्हणायचे, “हसू नका. मायना चुकला तर पुढचं पत्र कुणी वाचत नाही, हे त्यांना कळत होतं.”

मग ते फळ्यावर मायने लिहायचे. आई-वडिलांना ‘तीर्थरूप’. त्यांच्यासारख्या इतर वडीलधाऱ्यांना ‘तीर्थस्वरूप’. लहानांना ‘चिरंजीव’ आणि ‘अनेक उत्तम आशीर्वाद’. मोठ्यांना ‘साष्टांग नमस्कार’. बरोबरीच्यांना, ओळखीच्यांना आणि अर्ध्या ओळखीच्यांना ‘सप्रेम नमस्कार’. आजही लग्नपत्रिकेवर ‘स.न.वि.वि.’ छापलेलं असतं आणि आपण ते न वाचता थेट मुहूर्ताकडे जातो. ते ‘सप्रेम नमस्कार विनंती विशेष’ आहे. म्हणजे नमस्कार झाला, आता मुद्द्याचं ऐका.

त्या वेळी हे सगळं पाठांतर वाटायचं. नोकरीत आल्यावर कळलं, की मायना एका दमात दोन गोष्टी सांगतो: तुम्ही माझे कोण, आणि मी तुमच्याशी कोण म्हणून बोलतोय. बहुतेक वेळा या दोन्हींचं उत्तर एकच असतं, म्हणून मायना आपोआप सुचतो. ती दोन उत्तरं वेगळी झाली की हात थांबतो. चांगदेवांचा थांबला, माझाही थांबला.

आता माझं प्रकरण सांगतो. गुरुजींच्या पुतण्यानं आमच्या शाखेतून २ लाखांचं कर्ज काढलं होतं, पिकअप गाडीच्या दुरुस्तीसाठी आणि थोडं धंद्यासाठी. जामीनदार म्हणून सही गुरुजींची. गावाकडं जामीनकीची सही मागायला लोक चहाच्या वेळेला येतात आणि ती चहाइतक्याच सहजपणे दिली जाते. कायद्यात ती तेवढी सहज नाही. कर्जदार जेवढा बांधील, तेवढाच जामीनदार. संस्था आधी कर्जदाराच्या मागे लागलीच पाहिजे, असंही नाही. पुतण्याचे ४ हप्ते थकले, ५,८०० प्रमाणे २३,२०० रुपये. फोन बंद. मार्च जवळ आला होता. हिशेबानं पुढची पायरी जामीनदाराला कळवण्याची होती, आणि ते काम माझं होतं.

पहिल्यांदा मी व्हॉट्सॲप केला. मला वाटलं, मेल कोरडा वाटेल, चॅटवर जरा घरगुती राहील. मी लिहिलं, “गुरुजी नमस्कार, कसे आहात?” आणि पुढे हात जोडलेला इमोजी. उत्तराची वाट बघितली. दोन तासांनी त्यांचं उत्तर आलं, “छान आहे बाळा. तू कसा? आई काय म्हणते?” मग आईच्या गुडघ्यांवर चार मेसेज झाले. त्यानंतर मी लिहिलं, “गुरुजी, त्या पुतण्याच्या हप्त्याचं जरा बघा ना.” त्यांनी अंगठा दाखवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याकडून सूर्योदयाच्या चित्रावर सुविचार आला.

पुढे तीन आठवडे काहीच झालं नाही. त्यांची चूक नव्हती. मी जे पाठवलं होतं त्यात रक्कम नव्हती, तारीख नव्हती, आणि ‘तुम्ही जामीनदार आहात’ हे शब्द तर कुठंच नव्हते. ज्या सुरात मी सुरुवात केली होती, त्या सुरात ते शब्द बसतच नव्हते. आईच्या गुडघ्यांनंतर ‘आपली जबाबदारी कर्जदाराइतकीच आहे’ असं कोण लिहिणार? त्यांनी ते पुतण्याची चौकशी म्हणून घेतलं. मीही, खरं सांगायचं तर, त्यांनी तसंच घ्यावं अशी सोय करून ठेवली होती.

चॅटमधल्या ‘हाय’चं आणि ‘नमस्कार’चं काम वेगळं असतं, हे मला तेव्हा कळलं. चॅटवर समोरच्याचं नाव, फोटो, मागचे सगळे मेसेज आधीच स्क्रीनवर असतात. ‘तुम्ही माझे कोण’ हे सांगायची गरजच नसते. तिथला नमस्कार म्हणजे दारावरची टकटक. ‘आहात का?’ एवढंच तो विचारतो. म्हणून नुसतं ‘हाय’ पाठवून थांबणाऱ्या माणसाचा राग येतो. टकटक करून तो दाराआड लपतो. मी नेमकं तेच केलं होतं.

मेलचं तसं नाही. मेल जिथं लिहिला तिथं राहत नाही. तो पुढे पाठवला जातो, त्याची प्रिंट निघते, फाईलला लागते, दोन वर्षांनी कुणीतरी तिसराच वाचतो. त्याच्याबरोबर आपला आवाज जात नाही, मागच्या गप्पा जात नाहीत. नातं काय आणि अधिकार काय, हे त्या पहिल्या ओळीलाच वाहून न्यावं लागतं.

तीन आठवड्यांनी वरून विचारणा झाली. मी घाईत संस्थेचं ठरलेलं टेम्प्लेट उचललं, आकडे भरले आणि पाठवून दिलं. ते असं सुरू होत होतं: “श्री./सौ./श्रीमती, महोदय/महोदया, आपणांस कळविण्यात येते की...”

पाठवल्यावर मी ते पहिल्यांदा नीट वाचलं. श्री., सौ., श्रीमती, तिन्ही तसेच. एकही खोडलेलं नाही. पत्त्यात जिल्हा अजून अहमदनगरच होता, म्हणजे ते टेम्प्लेट २०२४ च्या नामांतराच्या आधीपासून असंच फिरत होतं. आणि ‘कळविण्यात येते’. कोण कळवतं? त्या वाक्यात कुणीच नाही. तळाशी मात्र माझं नाव होतं.

आपल्याला वाटतं, कोरा कागद म्हणजे काहीच न लिहिणं. तीन पर्याय लिहून एकही न निवडणं, हाही कोरा कागदच. चांगदेव निदान अडले तरी होते. मी अडलोही नव्हतो.

दोन दिवसांनी गुरुजी शाखेत आले. पांढरा शर्ट, हातात पिशवी. काउंटरच्या बाहेर रांगेत उभे राहिले. मी उठून गेलो, तर त्यांनी पिशवीतून घडी घातलेला फुलस्केप काढला आणि म्हणाले, “साहेब, अर्ज द्यायचा होता.”

त्यांनी मला कधी नावाशिवाय हाक मारली नव्हती. फार तर बाळा. अर्ज त्यांच्याच अक्षरात होता, तेच फळ्यावरचं अक्षर. डावीकडे ‘प्रति, मा. वसुली अधिकारी साहेब’. खाली विषय. मग ‘महोदय’. मजकुरात मुदत मागितली होती. शेवटी ‘आपला विश्वासू’. कुठंही टोमणा नव्हता, एक शब्द जास्तीचा नव्हता. मी त्यांना महोदय म्हटलं होतं, त्यांनी मला महोदय म्हटलं. जो मायना आला त्याच मायन्यानं उत्तर द्यायचं, हे त्यांनीच शिकवलेलं.

मी त्यांना आत बसवलं, चहा मागवला. त्यांनी चहा घेतला. “मेल पोरीच्या फोनवर येतो,” ते म्हणाले. “पेन्शनच्या कामाला तिनंच आयडी काढून दिलेला. ती पुण्यात. तिनं वाचून दाखवला फोनवर. तिला वाटलं, मी काहीतरी लपवलं.”

ही गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. जामीनपत्रावर मेल आयडी लिहायची जागा असते. गावातली निम्मी माणसं तिथं मुलाचा नाही तर मुलीचा आयडी देतात. म्हणजे मी ज्यांना लिहितोय त्यांच्या आधी दुसरंच कुणीतरी वाचणार असतं. आमचे व्यवस्थापक सीसीत असतात, उद्या वसुली समितीपुढं त्याची प्रिंट जाऊ शकते. त्या मेलला एक नाही, चार वाचक होते. मी मात्र विचार करत होतो तो एकाचाच: आधी गुरुजींचा, मग फक्त साहेबांचा.

त्या संध्याकाळी मी पुन्हा कंपोझ उघडलं. सुरुवातीला सांगितलेली पंचवीस मिनिटं ती हीच. या वेळी टेम्प्लेट घेतलं नाही.

पहिला प्रयत्न ‘प्रिय गुरुजी’. लगेच खोडलं. इंग्रजीत ‘डिअर’ कुणालाही चालतं, बँकेलाही आणि अनोळखी माणसालाही; त्यात प्रेम उरलेलंच नाही. मराठीतल्या ‘प्रिय’मध्ये ते अजून आहे. म्हणून ते मित्राला, धाकट्याला, जवळच्याला जातं. गुरूला ‘प्रिय’ लिहिलं तर मी मोठा झालो.

दुसरा, ‘रिस्पेक्टेड सर’. शाळेच्या रजेच्या अर्जापासून बोटांना सवय आहे. पण ते गुरुजी होते, सर कधीच नव्हते. आणि पुढचा मजकूर मराठीत असताना वरचे दोन शब्द इंग्रजीत लिहिणं म्हणजे बूट घालून देवळात जाणं.

तिसरा, ‘तीर्थस्वरूप गुरुजींच्या चरणी साष्टांग नमस्कार’. मनातलं हेच होतं. पण हे वाचून त्यांची मुलगी काय म्हणेल? पायावर डोकं ठेवून खिशात हात घालतोय. मायना जेवढा वाकतो, तेवढी पुढची मागणी लबाड दिसते. शिवाय व्यवस्थापकांनी विचारलं असतं, की नात्यातल्या माणसाला तू वेगळी वागणूक देतोस का? तो प्रश्न रास्तच होता.

चौथा, परत ‘महोदय’. हा सगळ्यात सुरक्षित. खरोखर अनोळखी माणसाला किंवा कार्यालयाला लिहिताना हाच योग्य. पण ओळखीच्या माणसाला ‘महोदय’ म्हणणं म्हणजे ‘मी तुम्हाला ओळखत नाही’ असं लिहून देणं. त्याचं उत्तर फुलस्केपवर आलेलं होतं.

तेव्हा लक्षात आलं, की मी चांगदेवांसारखीच एका शब्दात दोन नाती बसवायला निघालोय. चिरंजीव आणि तीर्थरूप यांच्या मधला शब्द त्यांना सापडला नाही, कारण तो नसतोच. मग तो शोधायचाच कशाला? दोन नाती असतील तर दोन पत्रं लिहावीत. आणि प्रत्येक पत्रात, हे कोण लिहितंय, ते सरळ सांगावं.

मेल मी असा लिहिला:

“श्री. (पूर्ण नाव) गुरुजी यांस,
सप्रेम नमस्कार.
हे पत्र मी संस्थेचा वसुली अधिकारी म्हणून लिहीत आहे. आपण जामीनदार असलेल्या कर्जखात्याचे ४ हप्ते, एकूण २३,२०० रुपये, थकले आहेत. जामीनदार म्हणून या रकमेची जबाबदारी कर्जदाराइतकीच आपलीही आहे. आपला मुदतीचा अर्ज मिळाला असून तो मी शिफारशीसह पुढे पाठवला आहे. यापूर्वीचे पत्र छापील नमुन्यात गेले, त्याबद्दल दिलगीर आहे.”

खाली माझं नाव, हुद्दा, शाखेचा फोन.

‘श्री.’ एकच, बाकीचे दोन पर्याय नाहीत. नावापुढे ‘गुरुजी’, कारण अख्खं गाव त्यांना तेच म्हणतं. ते त्यांच्या नावाचाच भाग आहे, आणि मुलीनं वाचलं, व्यवस्थापकांनी वाचलं, तरी त्यात लाचारी दिसत नाही. ‘सप्रेम नमस्कार’ वाकत नाही आणि ताठही राहत नाही. ‘कळविण्यात येते’ काढून ‘मी लिहीत आहे’ केलं. अवघड वाक्य होतं ते जबाबदारीचं. सुरुवात ‘कसे आहात’नं केली असती तर ते लिहिता आलं नसतं. सुरुवात ‘महोदय’नं केली असती तर ते धमकीसारखं वाचलं गेलं असतं.

मेल पाठवण्याच्या आधी व्हॉट्सॲपवर हा मेसेज टाकला: “गुरुजी नमस्कार. आता एक मेल येईल, तो ऑफिसचा आहे. ताई वाचतील, त्यांनाही सांगा की तुम्ही काही लपवलेलं नाही, हप्ते पुतण्याचे आहेत. हा मेसेज माझा आहे. उद्या सहा वाजता घरी येऊ का?” सगळं एकाच मेसेजमध्ये. टकटक केली आणि दारातच उभा राहिलो.

उत्तर आलं, “ये. जेवायलाच ये.”

पुढचं फार गोड नाही. गेलो तेव्हा पुतण्याचा पत्ता लागलेला नव्हता. गुरुजींनी पेन्शनमधून दोन हप्ते भरले. मुदतीला मंजुरी मिळाली. नंतर पुतण्या परतला आणि आता तो हप्ते भरतो, कधी वेळेवर, कधी फोन केल्यावर. गुरुजींचे ११,६०० अजून त्याच्याकडे आहेत. मी जेवायला गेलो तेव्हा त्यांनी पैशाचा विषय काढला नाही. मेलची प्रिंट मात्र मुलीनं काढून पाठवली होती आणि ती त्यांच्या टेबलावर होती. त्यांनी चष्मा लावून एका शब्दावर बोट ठेवलं. “शिफारशीसह. इथं ऱ्हस्व-दीर्घ बरोबर आलंय. बाकीचं चांगलं आहे.”

परत येताना मंदिरापाशी गाडी थांबवली. चांगदेवांच्या गोष्टीचा दुसरा भाग आपण कमी सांगतो. त्या कोऱ्या कागदाला उत्तर गेलं. निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानेश्वरांनी ६५ ओव्या लिहून पाठवल्या, तीच ‘चांगदेव पासष्टी’. ती जुन्या पत्रांसारखी ‘स्वस्ति’नं सुरू होते. त्यात चिरंजीव नाही आणि तीर्थरूपही नाही. चौदाशे वर्षांच्या म्हणवल्या जाणाऱ्या योग्याला ते नावानं हाक मारतात आणि ‘तू’ म्हणतात. तरी त्यात उर्मटपणा वाटत नाही, कारण लहान कोण आणि मोठं कोण हा प्रश्नच ते बाजूला ठेवतात. सोन्याचा दागिना झाला म्हणून सोनेपण कमी होत नाही, असा दृष्टांत त्यात आहे.

मी काही ज्ञानेश्वर नाही. मला ‘तू’ म्हणून लिहिता येणार नाही, आणि वसुलीच्या मेलमध्ये तर नाहीच. पण त्या दिवसापासून एक करतो. टेम्प्लेट उघडलं की आधी ‘श्री./सौ./श्रीमती’मधले दोन खोडतो. त्यासाठी समोर कोण आहे ते बघावं लागतं, आणि फॉर्मवरचा मेल आयडी कुणाचा आहे तेही.

गुरुजी अजून रोज सकाळी सुविचार पाठवतात. मी उत्तरात “नमस्कार गुरुजी” लिहितो. परवा त्यांनी विचारलं, “हे ऑफिसातून की घरून?”

“घरून,” मी लिहिलं.

“मग ठीक. आईचे गुडघे?”